वजा पाच, फरक पंधराचा

गणेशोत्सवातल्या मंडळाची प्रश्नमंजुषा असो की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, निकालावर वाद होतो तो बहुतेक वेळा उत्तरावरून नाही, बेरजेवरून. त्यातही निगेटिव्ह मार्किंग असलं की स्कोअररच्या टेबलाभोवती हमखास गर्दी. म्हणून गुण कसे जोडतात, हे मी प्रत्येक स्पर्धेआधी संघांना आणि स्कोअररला एकत्र बसवून सांगतो.

समजा, लेखी फेरी आहे, 20 प्रश्नांची. बरोबर उत्तराला 10 गुण, चुकीच्या उत्तराला वजा 5, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. अ संघाने एकही प्रश्न सोडला नाही. 14 बरोबर आले, 6 चुकले. 140 मधून 30 गेले, उरले 110. ब संघाने सहा प्रश्न कोरे ठेवले. 13 बरोबर, 1 चूक. 130 मधून 5 गेले, उरले 125. एक उत्तर जास्त बरोबर असूनही अ मागे पडला. म्हणून स्कोअररच्या कागदावर ‘बरोबर’, ‘चूक’ आणि ‘सोडलेले’ असे तीन रकाने हवेत. तिन्हींची बेरीज 20 भरली नाही, तर गुणांना हात लावायचाच नाही. आधी ती चूक शोधायची.

हीच बेरीज उलट्या बाजूनेही करून पाहता येते. पूर्ण गुण 200. प्रश्न सोडला तर मिळू शकणारे 10 गेले. उत्तर चुकलं तर ते 10 गेलेच, वर 5 दंड; म्हणजे पूर्ण गुणांपासून तुम्ही 15 नी लांब गेलात. ब साठी 200 वजा 60 वजा 15, म्हणजे 125. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला, की बेरीज पक्की.

हा 15 चा हिशेब खरा महत्त्वाचा ठरतो तो हरकत मान्य झाल्यावर. प्रश्न होता, ‘कुसुमाग्रजांचं खरं नाव काय?’ कार्डावर उत्तर विष्णु वामन शिरवाडकर. अ संघाने लिहिलं गजानन रंगनाथ शिरवाडकर. तपासनिसाने फुली मारली. पण कुसुमाग्रजांचं जन्मनाव गजानन रंगनाथच. दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. हरकत रास्त आहे, उत्तर मान्य करायलाच हवं.

आता स्कोअरर सवयीने 110 मध्ये 10 मिळवतो आणि 120 लिहितो. पण आधी कापलेले 5 कुठे गेले? ते परत द्यायचे आणि वर उत्तराचे 10 द्यायचे, म्हणजे 15. नव्याने मोजा: 15 बरोबर, 5 चुका, 150 वजा 25, म्हणजे 125. प्रश्नच सदोष निघून रद्द झाला असता, तर मात्र चुकलेल्यांना फक्त 5 परत मिळाले असते, बरोबर लिहिणाऱ्यांचे 10 काढून घेतले असते आणि पूर्ण गुण 190 झाले असते.

120 हा आकडा चुकीचा आहे, हे नुसत्या नजरेनेही कळतं. या पद्धतीत चुका विषम असतील तर बेरजेच्या शेवटी 5 येतो, सम असतील तर शून्य. अ च्या चुका आता 5, मग शेवटी शून्य येईलच कसा? अर्थात ही खूण अर्धीच कामाची: दोन चुका मोजायच्या राहिल्या, तर ती गप्प बसते. म्हणून उलटी बेरीज टाळू नये.

आणि आता दोन्ही संघ 125 वर. बरोबरी कशी फोडायची? कोणी म्हणेल, ज्याची बरोबर उत्तरं जास्त तो पुढे. म्हणजे अ, 15 विरुद्ध 13. कोणी म्हणेल, ज्याच्या चुका कमी तो पुढे. म्हणजे ब, 1 विरुद्ध 5. दोन्ही नियम वाजवी वाटतात आणि निकाल मात्र नेमके उलटे देतात. हा योगायोग नाही. एका बरोबर उत्तराचे 10 गुण दोन चुकांनी फिटतात, त्यामुळे गुण समान असताना ज्याची बरोबर उत्तरं जास्त, त्याच्या चुकाही जास्त असणारच. शिवाय चुकांचा दंड एकदा गुणांतून वसूल झालेला असतो. बरोबरी फोडताना तो पुन्हा मोजायचा का, हा प्रश्न उरतोच.

मी हे दोन्ही नियम बाजूला ठेवतो. लेखी फेरीत पाच अवघड प्रश्नांवर आधीच तारा छापलेला असतो. गुण समान झाले, की ताऱ्यांचे प्रश्न ज्याचे जास्त बरोबर तो पुढे. तिथेही बरोबरी झाली, तर पहिल्या ताऱ्यापासून क्रमाने पाहत जायचं आणि जिथे एकाचं उत्तर बरोबर आणि दुसऱ्याचं नाही, तिथे थांबायचं. मात्र हा नियम पेपर वाटण्याआधी जाहीर केलेला हवा. गुण फळ्यावर लागल्यानंतर सांगितलेला कुठलाही नियम कुणाच्या तरी बाजूचाच दिसतो.