पन्नास आणि पन्नास मिळून साडेशहाण्णव

दोन द्रव एकत्र केले की त्यांच्या वजनांची बेरीज होते. आकारमानांची बेरीज मात्र होईलच असे नाही. मिश्रणाच्या घनतेची बहुतेक गणिते चुकतात ती हा फरक ध्यानात न घेतल्याने. घनता म्हणजे एक मिलीलिटर द्रवाचे ग्रॅममधले वजन. २० अंश सेल्सिअसला पाण्याची घनता ०.९९८ आणि शुद्ध इथेनॉलची, म्हणजे उसाच्या मळीपासून बनणाऱ्या अल्कोहोलची, ०.७८९ असते. सारख्याच मापाच्या भांड्यात इथेनॉलचे वजन पाण्याच्या सुमारे चार पंचमांश भरते.

सुरुवात सोप्या मिश्रणापासून करणे बरे. पंपावर मिळणाऱ्या ई-२० इंधनात आकारमानाने २० टक्के इथेनॉल असते. मूळ पेट्रोलची घनता ०.७४ धरली, तर एक लिटर इंधनातल्या ८०० मिलीलिटर पेट्रोलचे वजन ५९२ ग्रॅम आणि २०० मिलीलिटर इथेनॉलचे साधारण १५८ ग्रॅम होते. एकूण ७५० ग्रॅम, म्हणून घनता ०.७५. यात इथेनॉलचा आकारमानातला वाटा २० टक्के असला, तरी वजनातला वाटा १५८ भागिले ७५०, म्हणजे २१ टक्के येतो. जड द्रवाचा वजनातला वाटा त्याच्या आकारमानातल्या वाट्यापेक्षा नेहमी मोठा असतो. उलट कोणी काट्यावर तोलून २०० ग्रॅम इथेनॉल आणि ८०० ग्रॅम पेट्रोल एकत्र केले, तर इथेनॉल आकारमानाने १९ टक्केच भरेल. म्हणून ‘वीस टक्के’ एवढेच सांगणे पुरेसे नाही; टक्के वजनाचे की मापाचे, हे सांगावेच लागते. घनतांची सरासरीही मापाच्या प्रमाणातच काढायची असते. प्रमाण वजनात दिलेले असेल, तर आधी प्रत्येक वजनाला त्या द्रवाच्या घनतेने भागून आकारमान काढायचे आणि मग पुढचे गणित करायचे.

पेट्रोल आणि इथेनॉल एकत्र आल्यावर एकूण आकारमान बेरजेपेक्षा किंचित वाढते, पण ती वाढ इतकी थोडी असते की व्यवहारात साधी बेरीज चालून जाते. पाणी आणि इथेनॉल यांच्या बाबतीत ती अजिबात चालत नाही.

प्रयोगशाळेतल्या अंशांकित नळकांड्यात ५० मिलीलिटर पाणी आणि ५० मिलीलिटर शुद्ध इथेनॉल ओतून ढवळले, की मिश्रण हाताला कोमट लागते. ते पुन्हा २० अंशांवर आल्यावर पातळी पाहिली, तर ती १०० वर नसते, ९६.५ च्या आसपास असते. काही सांडलेले नसते की उडून गेलेले नसते. वजन करून पाहिले, तर पाण्याचे ४९.९ आणि इथेनॉलचे ३९.५ असे मिळून ८९.४ ग्रॅम पुरेपूर भरते. आकारमान घटले आणि वजन तेवढेच राहिले, म्हणून घनता वाढते: साध्या बेरजेने ती ०.८९४ यायला हवी होती, प्रत्यक्षात ०.९२६ येते.

याचे कारण रेणूंच्या मांडणीत आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि त्यांच्या जाळ्यात बरीच मोकळी जागा असते. इथेनॉलच्या रेणूचे एक टोक पाण्यासारखेच बंध जोडणारे असते. ते या जाळ्यात शिरते, नवे बंध जुळतात, थोडी उष्णता बाहेर पडते आणि सगळे रेणू अधिक दाटीने बसतात. डब्यातल्या शेंगदाण्यांच्या फटींत रवा मुरतो, तसे हे काहीसे आहे. पण रवा आणि शेंगदाणे एकमेकांना ओढून घेत नाहीत, हे रेणू घेतात.

मग या साडेशहाण्णवमध्ये पाण्याचा वाटा किती आणि इथेनॉलचा किती? आकुंचन दोघांमध्ये निम्मेनिम्मे वाटून टाकणे हे उत्तर नव्हे. योग्य प्रश्न असा आहे की या मिश्रणात आणखी थोडे पाणी घातले, तर आकारमान किती वाढेल? मोठ्या पिंपभर शुद्ध इथेनॉलमध्ये १८ मिलीलिटर पाणी ओतले, तर आकारमान फक्त सुमारे १४ मिलीलिटरने वाढते. तेच पाणी पाण्याच्या पिंपात ओतले, तर पूर्ण १८ मिलीलिटरने वाढते. इथेनॉलचेही तसेच: ५८ मिलीलिटर इथेनॉल भरपूर पाण्यात गेले की जागा सुमारे ५५ मिलीलिटरचीच व्यापते. म्हणजे द्रवाचा वजनातला वाटा ठरलेला असतो, पण आकारमानातला वाटा शेजारी कोण आणि किती, यावर बदलतो.

द्रावण तयार करणाऱ्याला याचा हिशेब रोज ठेवावा लागतो. आकारमानाने ५० टक्क्यांचे एक लिटर द्रावण हवे असेल, तर ५०० मिलीलिटर इथेनॉलमध्ये ५०० नव्हे, सुमारे ५३६ मिलीलिटर पाणी जाते. म्हणून पाणी मोजून ओतत नाहीत. इथेनॉल मोजून घेतात आणि भांड्यावरच्या एक लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरतात.

उलट दिशेने, म्हणजे घनतेवरून प्रमाण ओळखताना, चूक फार मोठी होऊ शकते. वरच्याच मिश्रणात हायड्रोमीटर सोडला आणि त्याने ०.९२६५ दाखवले, असे समजू. साध्या बेरजेचे सूत्र वापरले, तर पाण्याच्या घनतेतून ही घनता वजा करून ०.०७१७ उरतात, दोन्ही द्रवांच्या घनतांतला फरक ०.२०८९ आहे, भागाकार ३४ टक्के येतो. खरे उत्तर मात्र साडेशहाण्णव मिलीलिटरमध्ये ५० मिलीलिटर, म्हणजे जवळजवळ ५२ टक्के आहे. ही चूक कोणत्याही सोप्या सूत्राने भरून निघत नाही, कारण आकुंचन प्रमाणानुसार कमीजास्त होते. त्यासाठी प्रत्यक्ष मोजून तयार केलेले तक्तेच लागतात. फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांनी १८२४ मध्ये अशा मोजमापांवर आधारलेले, अल्कोहोलचे टक्के थेट दाखवणारे उपकरण पुढे आणले. आवर्तसारणीमुळे प्रसिद्ध झालेले मेंडेलीव्ह यांचा १८६५ चा प्रबंधही पाणी आणि अल्कोहोल यांच्या संयोगावरच होता.

तक्ता हाताशी असला तरी तापमान मोजल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. ई-२० मध्ये दोन द्रवांच्या घनतांत अंतर अवघे ०.०५ आहे, आणि दहा अंशांनी तापलेल्या पेट्रोलची घनता सुमारे ०.००७ ने उतरते. तापमान न पाहता तेवढ्यावरून इथेनॉलचे प्रमाण काढले, तर उत्तर चौदा टक्क्यांपर्यंत चुकेल. त्यात मूळ पेट्रोलची घनताही प्रत्येक खेपेला थोडी वेगळी असते. म्हणून पंपावर घनता मोजताना तापमानही नोंदवतात आणि आकडा १५ अंशांच्या घनतेत बदलून घेतात.

एक मर्यादा मात्र तापमान सांभाळूनही उरते. घनता हा एकच आकडा आहे, आणि त्यातून एकच अज्ञात राशी काढता येते. तिसरा पदार्थ आला की हिशेब कोलमडतो. गोड वाइनमध्ये साखर घनता वाढवते आणि अल्कोहोल ती कमी करते. हायड्रोमीटरला दोन्ही वेगळे दिसत नाहीत आणि तो अल्कोहोल खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणून प्रयोगशाळेत ठरावीक मापाची वाइन घेऊन आधी तिचे ऊर्ध्वपातन करतात. साखर मागे राहते, अल्कोहोल आणि पाणी पलीकडच्या भांड्यात जमतात. त्यात पाणी घालून माप पुन्हा मूळ वाइनइतके करतात, तापमान २० अंशांवर आणतात आणि मगच घनता मोजून तक्त्यात टक्के पाहतात.