डाख आत गेला का?

तांब्याच्या पाइपला डाख दिल्यावर बाहेरून चकाकणारी कडा दिसली, की काम झालं असं वाटतं. खरा सांधा मात्र आत असतो. पाइप आणि एल्बो यांच्यामध्ये जेमतेम ०.१ मि.मी. फट असते आणि वितळलेलं कथील केशाकर्षणाने तिच्यात ओढलं जातं. पाइप उभा असला तर वरच्या दिशेनेही. पण ते फक्त स्वच्छ तांब्यालाच धरतं. म्हणून दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने लखलखीत घासायचे आणि फ्लक्सचा पातळ थर लावायचा. उरलेला ऑक्साइड फ्लक्स काढतो आणि तापताना नवा साचू देत नाही.

ज्योत एल्बोवर धरा, डाखेच्या तारेवर नको. तार ज्योतीच्या विरुद्ध बाजूने टेकवा. ती तांब्याच्या उष्णतेनेच वितळली पाहिजे. शिसेविरहित डाख साधारण २३० अंशांना वितळू लागतो. पाइपमध्ये थोडं जरी पाणी उरलं, तरी सांधा तिथवर तापतच नाही आणि डाख वर गोळ्या होऊन बसतो. उलट ज्योत फार वेळ राहिली, तर फ्लक्स जळून काळा पडतो, तांबं पुन्हा गंजतं आणि डाख घरंगळतो. कोरडा सांधा या दोन्ही चुकांनी होतो.

फसवा प्रकार असा, की फटीत गोठलेला फ्लक्सच बुचासारखा पाणी अडवतो. चाचणीत सांधा पास होतो. गरम पाण्याने फ्लक्स विरघळला की काही दिवसांनी ठिबकू लागतो. वरून आणखी डाख चोपडून उपयोग नाही. पाणी काढून सांधा उघडा, पुन्हा घासा.