उष्णता न घेणारे इलेक्ट्रॉन

तांब्याच्या तारेतून वीज वाहते ती मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. तांब्यात दर अणूमागे एक इलेक्ट्रॉन असा सुटतो आणि धातूभर हिंडतो. १९०० मध्ये पाउल ड्रूडने हे इलेक्ट्रॉन वायूच्या कणांसारखे मानले आणि विजेचं वहन बरंचसं समजावून दिलं. उष्णतेचा हिशेब मात्र जुळेना. एक मोल, म्हणजे साधारण ६३.५ ग्रॅम तांबं एका अंशाने तापवायला अणूंच्या थरथरीसाठी २५ ज्यूल आणि इलेक्ट्रॉनांसाठी आणखी साडेबारा ज्यूल लागायला हवेत. प्रत्यक्षात लागतात एकूण साडेचोवीस. वीज वाहायला हजर असलेले इलेक्ट्रॉन उष्णता घ्यायच्या वेळी जातात कुठे?

उत्तर पाउलीच्या १९२५ च्या नियमात होतं. एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन राहू शकतो. त्यामुळे तापमान शून्यावर नेलं तरी सगळे तळाशी गोळा होत नाहीत. खालच्या जागा भरत भरत वर चढतात. शेवटची भरलेली पातळी ती फर्मी ऊर्जा. तांब्यासाठी ती सुमारे ७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. खोलीच्या तापमानाला उष्णतेकडून मिळणारी ऊर्जा मात्र जेमतेम ०.०२६, म्हणजे तिच्या सुमारे २७० वा भाग.

समजा, नाट्यगृहाच्या पहिल्या २७० रांगा गच्च भरल्या आहेत, मागच्या रिकाम्या आहेत, आणि प्रत्येकाला एखादी रांगच मागे सरकायची मुभा आहे. मधल्यांनी जायचं कुठे? हलतील ते फक्त शेवटच्या भरलेल्या रांगेतले. उष्णता घेता येते ती अशा काठावरच्या इलेक्ट्रॉनांनाच.

तापमान दुप्पट केलं की हा काठ दुप्पट रुंद होतो आणि त्यातल्या प्रत्येकाला मिळणारी ऊर्जाही दुप्पट होते. एकूण ऊर्जा चौपट, म्हणून उष्माधारकता दुप्पट. ती तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढते ती अशी. झोमरफेल्डने १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे गणित मांडलं. तांब्याचा मोजलेला गुणक आहे दर केल्विनला ०.७ मिलिज्यूल. ३०० केल्विनला त्याचे होतात ०.२१ ज्यूल, एकूण उष्माधारकतेच्या एक टक्क्याहून कमी.

मग इतका बारीक वाटा मोजला कसा? त्यासाठी थंडीत जावं लागतं. अगदी कमी तापमानाला अणूंचा वाटा तापमानाच्या घनाप्रमाणे घसरतो, इलेक्ट्रॉनांचा नुसता सरळ प्रमाणात. तांब्यात सुमारे ४ केल्विनला दोघे बरोबरीत येतात. २ केल्विनला इलेक्ट्रॉन साडेतीनपट पुढे असतात. प्रयोगशाळेत `C/T` चा आलेख `T²` विरुद्ध काढतात. सरळ रेष मिळते, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो इलेक्ट्रॉनांचा गुणक.

झोमरफेल्डच्या सूत्रातून हाच गुणक ०.५ येतो, कारण धातूतला इलेक्ट्रॉन अगदी मोकळा नसतो. तो मोकळ्या इलेक्ट्रॉनापेक्षा जड असल्यासारखा वागतो. तांब्यात हा फरक किरकोळ म्हणायचा. सेरियम आणि ॲल्युमिनियमच्या `CeAl₃` या संयुगात १९७५ मध्ये हा गुणक मोजला, तेव्हा तो १,६०० मिलिज्यूलच्या वर निघाला.