नववीसाठी सरावाचा तास : संगणक शिक्षकाचे मुख्याध्यापकांना पत्र

नववीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक तास संगणकावर सराव मिळावा, अशी मागणी करणारे पत्र हा शाळेच्या कारभारातला एक प्रस्ताव असतो. मुख्याध्यापकांना त्यावर निर्णय घ्यायचा असतो आणि निर्णयासाठी चार गोष्टी समोर लागतात : आज विद्यार्थ्याच्या वाट्याला यंत्रावर किती वेळ येतो, नेमका कोणता बदल हवा आहे, त्याचा भार कोणावर पडेल आणि उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरेल. संगणक शिक्षणाचे महत्त्व मुख्याध्यापकांना ठाऊक असते. त्यावर दोन परिच्छेद खर्च करणाऱ्या पत्रात या चार गोष्टींना जागाच उरत नाही.

नमुन्यादाखल एक मराठी माध्यमाची शाळा घेऊ. नववी ‘अ’मध्ये ५२ विद्यार्थी आहेत. संगणक कक्षात १५ यंत्रे असली तरी चालू १३ आहेत. संगणकाच्या आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका असतात. त्यांतली एक वर्गात फळ्यावर आणि दुसरी कक्षात होते. वरवर पाहता दर आठवड्याला प्रात्यक्षिक होतेच. पण वर्गातून रांगेने कक्षात जाणे, यंत्रे सुरू करणे, शेवटी काम जतन करून यंत्रे बंद करणे यांत साधारण ११ मिनिटे जातात. उरलेल्या २४ मिनिटांत एका यंत्राभोवती चौघे बसतात, म्हणजे प्रत्येकाच्या हाती कळफलक जेमतेम ६ मिनिटे येतो. तोही सारखा वाटला गेला तर. बहुतेक वेळा घरी संगणक असलेला विद्यार्थी काम करतो आणि बाकीचे तिघे पाहतात. पत्राची सुरुवात या ६ मिनिटांच्या हिशेबाने करावी.

या अपुऱ्या सरावाचा परिणामही पत्रात दाखवता आला पाहिजे. त्यासाठी पत्र लिहिण्याआधी एक छोटी चाचणी घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याला एकट्याने यंत्रावर बसवून गुणपत्रकाचा तक्ता करायला सांगावा : पाच विद्यार्थ्यांची नावे, पाच विषयांचे गुण, शेवटच्या रकान्यात सूत्राने काढलेली बेरीज आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये स्वतःच्या नावाने जतन केलेली फाइल. बेरजेचे सूत्र असे :

```
=SUM(B2:F2)
```

सूत्राच्या सुरुवातीला बरोबरचे चिन्ह लागते, हे लेखी परीक्षेत बहुतेक जण बिनचूक लिहितात. यंत्रावर मात्र ते चिन्ह राहून जाते आणि चौकटीत बेरजेऐवजी सूत्राचीच अक्षरे दिसतात. काही जण बेरीज वहीवर करून आकडा टाइप करतात. अशी चूक पकडायला सोपी आहे : एका विषयाचा गुण बदलला तरी बेरीज बदलत नाही. समजा, ५२पैकी ११ विद्यार्थ्यांनी हे काम कोणाच्या मदतीशिवाय पूर्ण केले, तर तो आकडा पत्रात जसाच्या तसा द्यावा. ‘विद्यार्थी मागे पडत आहेत’ या वाक्याची पडताळणी करता येत नाही. ११ या आकड्याची करता येते.

यानंतर मागणी मांडावी. सगळ्यात अवघड भाग हाच, कारण शाळेच्या वेळापत्रकात मोकळी तासिका नसते. गणित किंवा विज्ञानाचा तास मागितला तर प्रस्ताव तिथेच थांबतो. शाळा सुटल्यावरचा तास मागितला तर एसटीने ये-जा करणारी मुले त्यातून वगळली जातात. या शाळेत एक वाट निघते. संगणकाप्रमाणेच शारीरिक शिक्षणाच्याही आठवड्याला दोन तासिका आहेत. या चार तासिकांचे ७० मिनिटांचे दोन जोडतास करायचे आणि वर्गाचे २६-२६चे दोन गट पाडायचे. बुधवारी पहिला गट कक्षात आणि दुसरा मैदानावर, शुक्रवारी उलट. कोणत्याही विषयाची तासिका कमी होत नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला दर आठवड्याला एक अखंड जोडतास यंत्रावर मिळतो. ये-जा आणि यंत्रे सुरू-बंद करण्याला १५ मिनिटे, त्या दिवसाचे काम समजावण्याला ५ मिनिटे धरली तरी ५० मिनिटे उरतात. यंत्रामागे दोघे बसतात, म्हणजे प्रत्येकाला २५ मिनिटे. निम्म्या वेळी जागा बदलायची, हा नियम मात्र कटाक्षाने पाळावा लागतो.

याची किंमतही पत्रात स्पष्ट लिहावी. विद्यार्थ्यांच्या तासिका तेवढ्याच राहतात, पण दोन्ही शिक्षकांच्या वाढतात. या वर्गासाठी संगणक शिक्षकाला दोनऐवजी चार आणि क्रीडाशिक्षकालाही दोनऐवजी चार तासिका घ्याव्या लागतात. म्हणून क्रीडाशिक्षकाशी आणि वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकांशी आधी बोलून घ्यावे आणि त्यांची संमती पत्रासोबत जोडावी. क्रीडाशिक्षकाला पत्राची बातमी शिक्षक खोलीत कळली, तर चांगला प्रस्तावही बारगळतो. फळ्यावरची तासिका या रचनेत उरत नाही; लेखी भाग कसा पूर्ण होणार, हेही एका वाक्यात सांगावे लागते.

सगळे मिळून पत्र एका पानात बसते. ‘विषय : संगणक शिक्षणाबाबत’ असे लिहिले तर काय हवे आहे ते कळत नाही. ‘विषय : इयत्ता नववी ‘अ’साठी आठवड्यातून एक संगणक सराव जोडतास मिळणेबाबत’ असे लिहिले की मागणी पहिल्याच ओळीत पोहोचते. पत्राचा गाभा असा असू शकतो :

‘महोदया, नववी ‘अ’मधील प्रत्येक विद्यार्थ्याला सध्या आठवड्यात सुमारे ६ मिनिटे संगणक हाताळायला मिळतो. सोबतच्या चाचणीत ५२पैकी ११ विद्यार्थ्यांनी दिलेले काम स्वतंत्रपणे पूर्ण केले. संगणक व शारीरिक शिक्षणाच्या तासिका जोडून दोन गट केल्यास हा वेळ २५ मिनिटे होतो. त्यासाठी दोन्ही शिक्षकांच्या प्रत्येकी दोन तासिका वाढतील. दोघांचीही त्यास संमती आहे. लेखी भागासाठी दर आठवड्याला एक टिपणपत्रिका घरी सोडवण्यास दिली जाईल. ही व्यवस्था सहा आठवडे प्रायोगिक तत्त्वावर राबवून तीच चाचणी पुन्हा घेतली जाईल व निकाल आपल्याला सादर केला जाईल. तरी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.’

खाली ‘सोबत’ या शब्दापुढे तीन कागदांची नोंद येते : चाचणीचा निकाल, बदललेल्या वेळापत्रकाचा तक्ता आणि क्रीडाशिक्षकाची संमती. पत्र कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्यावा आणि शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. तोंडी मिळालेला होकार पुढच्या वेळापत्रकात टिकतोच असे नाही. पत्रावरचा मंजुरीचा शेरा टिकतो. पत्र देण्याची योग्य वेळ म्हणजे शाळा सुरू होण्याआधी वेळापत्रक ठरत असते तेव्हाची. ती टळली तर दिवाळीच्या सुटीपूर्वी, दुसऱ्या सत्रासाठी.

या रचनेलाही मर्यादा आहेत. चालू यंत्रे १०वर आली तर बहुतेक यंत्रांमागे तिघे बसतील आणि २५ मिनिटांची जेमतेम १७ होतील. म्हणून यंत्रदुरुस्तीचे वेगळे पत्र द्यावे लागते. बुधवारी वीज गेली तर फक्त एका गटाचा आठवडा बुडतो आणि दोन गटांत अंतर पडते. अशा वेळी पुढच्या आठवड्यात त्या गटाला आधी घ्यायचे की राहिलेले काम घरी वहीवर आखून घ्यायचे, हे आधीच ठरलेले असावे. सहा आठवड्यांनी चाचणी घेताना काम तेच ठेवावे, फक्त नावे आणि गुण बदलावेत. ११चा आकडा लक्षणीय वाढला नाही, तर वेळ वाढूनही कळफलक मोजक्याच हातांत राहिला का, हे आधी तपासावे. जागाबदल होत नसेल तर तो सुधारावा, आणि होत असूनही फरक पडत नसेल तर वाढीव तासिकांची मागणी पुढे रेटू नये.