मंगळवारी बारा, शनिवारी अठरा

कोचिंग क्लासच्या ऑफिसात दर हंगामात एक वाद ठरलेला असतो: मुलांना ईमेल नेमका कधी पाठवायचा? एक सर म्हणतात, शनिवारी सकाळी, तेव्हा मुलं जरा मोकळी असतात. दुसरे म्हणतात, शनिवारी टेस्ट असते, कोण बघतंय मेल? इंटरनेटवर ‘सर्वोत्तम वेळ’ सांगणारे तक्ते मिळतात. पण ते बहुधा दुकानदारीच्या किंवा कंपन्यांच्या याद्यांवरून काढलेले असतात. नीटची तयारी करणाऱ्या लातूरच्या मुलाचा दिवस त्यांत कुठे बसणार? तेव्हा आपल्याच यादीवर चाचणी घेणं हा सरळ मार्ग. चाचणी घेणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते आकडे समोर आल्यावर हात आवरणं.

समजा, एका क्लासच्या यादीत ६०० पत्ते आहेत. त्यांचे दोन गट करायचे. इथे पहिली चूक होते ती यादी मधोमध कापण्याची. यादी बहुधा नोंदणीच्या क्रमाने असते, म्हणजे एका गटात गेल्या वर्षीचे थंडावलेले चौकशीवाले आणि दुसऱ्यात कालपरवा फोन केलेले उत्साही. त्यांच्यातला फरक वेळेचा नव्हेच. स्प्रेडशीटमध्ये शेजारच्या रकान्यात `=RAND()` भरावं, ते आकडे कायम करून घ्यावेत, त्या रकान्यानुसार यादी लावावी आणि मग अर्धी करावी. एकाच घरातली दोन भावंडं यादीत असतील तर त्यांना एकाच गटात ठेवावं.

एका गटाला मंगळवारी संध्याकाळी सातला मेल, दुसऱ्याला शनिवारी सकाळी अकराला. विषयाची ओळ, पाठवणाऱ्याचं नाव, मजकूर अगदी तोच. मात्र ‘मजकूर तोच’ म्हणताना एक गोष्ट हमखास निसटते. मेलमध्ये रविवारच्या डेमो लेक्चरचं आमंत्रण असेल, तर मंगळवारचा मेल पाच दिवस आधी पोचतो आणि शनिवारचा आदल्या दिवशी. मग शनिवारी जास्त नोंदणी झाली तर ती शनिवारमुळे झाली की ‘उद्याच आहे’ या घाईमुळे, हे कधीच कळणार नाही. म्हणून चाचणीसाठी तारखेला न बांधलेला मजकूर घ्यावा. आठवड्याची सराव प्रश्नपत्रिका त्याला उत्तम.

मोजायचं काय? किती जणांनी मेल उघडला हा आकडा दिसतो आकर्षक, पण त्यावर भिस्त ठेवू नये. मेलमध्ये दडवलेलं एक अदृश्य चित्र लोड झालं की मेल उघडला असं धरलं जातं. आणि २०२१पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल, तर माणसाने मेल पाहिला नाही तरी ती चित्रं आधीच लोड होतात. त्यापेक्षा प्रश्नपत्रिकेच्या लिंकवर किती जणांनी क्लिक केलं ते मोजावं. त्यातही पालकांच्या ऑफिसच्या पत्त्यांवर थोडी भेसळ असते, कारण तिथली सुरक्षा यंत्रणा लिंक तपासायला स्वतःच क्लिक करते. मेल पोचल्यावर काही सेकंदांतच त्यातल्या सगळ्या लिंकवर क्लिक झालेलं दिसलं, की ते माणसाचं नाही असं समजून वगळावं. आणि दोन्ही गटांना मोजणीसाठी सारखाच वेळ द्यावा, मेल पाठवल्यापासून ७२ तास म्हणू. सोमवारी सकाळी एकदमच दोन्ही आकडे काढले, तर मंगळवारवाल्यांना फुकटचे चार दिवस जास्त मिळतात.

आता निकाल. मंगळवारच्या ३०० जणांपैकी १२ जणांनी क्लिक केलं, शनिवारच्या ३०० पैकी १८ जणांनी. चार टक्के आणि सहा टक्के. ऑफिसात लगेच कुणीतरी म्हणणार, ‘दीडपट! शनिवार ठरला.’

थांबा. एकूण क्लिक ३०. दोन्ही वेळा अगदी सारख्याच असत्या, तर प्रत्येक क्लिक या गटात पडला की त्या, हे नाणं उडवण्यासारखंच झालं असतं. नाणं ३० वेळा उडवलं तर १८–१२ किंवा त्याहून जास्त कललेला निकाल शंभरातल्या सुमारे ३६ वेळा येतो. म्हणजे वेळेचा काडीचाही परिणाम नसताना अशी ‘दीडपट’ तीनात एकदा तरी दिसणारच. कागदावर पटकन पाहायचं असेल तर एक ढोबळ हिशेब आहे, गट सारखे असताना आणि क्लिकचं प्रमाण कमी असताना चालणारा: दोन्हीकडच्या क्लिकची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. फरक त्याहून मोठा असेल तरच त्याला गंभीरपणे घ्या. तीसचं वर्गमूळ साडेपाच, दुप्पट अकरा. आपला फरक सहा.

चार आणि सहा टक्क्यांतला खरा फरक बऱ्यापैकी खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे १,९०० माणसं लागतात. तीनशेच्या गटांत एका फेरीत पकडता येतो तो चारावरून दहा टक्क्यांवर जाण्याइतका ढळढळीत फरक, आणि नुसती वेळ बदलून एवढी उडी क्वचितच मिळते.

काही उत्साही मंडळी याच्या उलट टोकाला जातात: सातही दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, एकदम २१ कप्पे. सहाशे माणसं २१ कप्प्यांत वाटली की कप्प्यात उरतात २८-२९. क्लिकचं प्रमाण सगळीकडे पाच टक्के असलं, तरी केवळ योगायोगाने पाचेक कप्प्यांत शून्य क्लिक येतील आणि एखाद्यात चार. तो चारवाला कप्पा, समजा गुरुवार दुपार, चौदा टक्क्यांचा मुकुट घालून अहवालात पहिल्या क्रमांकावर बसेल. पुढच्या आठवड्यात तो तिथे नसेल.

लहान यादीवर उपाय एकच, दोनच वेळा घेऊन फेऱ्या वाढवणं. पहिल्या आठवड्यात ज्यांना मंगळवार मिळाला त्यांना दुसऱ्या आठवड्यात शनिवार, आणि असंच आलटून-पालटून. सहा आठवड्यांत प्रत्येकाला तीन वेळा मंगळवार आणि तीन वेळा शनिवार मिळतो, त्यामुळे दर वेळी क्लिक करणारी मेहनती मुलं दोन्ही पारड्यांत सारखीच पडतात. किती फेऱ्या हे आधीच लिहून ठेवावं. पुढे असलेला आकडा पाहून मध्येच थांबणं म्हणजे नशिबाला हवा तिथे शिक्का मारू देणं. गणपती, दिवाळी, बारावीचा निकाल हे आठवडेही आधीच वगळावेत, निकाल पाहून नव्हे.

अशा सहा फेऱ्यांनंतर आपल्या क्लासचा हिशेब समजा असा आला: मंगळवार ७८, शनिवार ९३. दीडपट आता जेमतेम १.२ पट झाली. बेरीज १७१, वर्गमूळ १३, दुप्पट २६, फरक १५. म्हणजे शनिवारची खरी आघाडी ४१ क्लिकची असू शकते आणि तो ११ क्लिकने मागेही असू शकतो. ‘शनिवार सरस सिद्ध झाला’ असं म्हणता येणार नाही, आणि ‘दोन्ही सारखेच’ असंही नाही.

तरी निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो घेता येतो. मेल आपोआप जाणार असेल तर शनिवार लावायला काही खर्च नाही, कल तिकडेच आहे, तर लावून टाकावा. पण त्यासाठी शनिवारी सकाळी खास माणूस बसवायचा असेल किंवा पेपर काढणाऱ्या सरांचं वेळापत्रक उलटंपालटं करावं लागत असेल, तर एवढ्या पुराव्यावर मी तरी ते करणार नाही. जूनमध्ये नवी बॅच येते, कॉलेजच्या वेळा बदलतात, यादीतली निम्मी माणसंही बदलतात. तेव्हा या १७१ क्लिकचा उपयोग नव्या चाचणीत कोणत्या दोन वेळा घ्यायच्या हे ठरवण्यापुरताच.