पुलंची दोन पुस्तकं शेजारी-शेजारी

फळीवर सहा पुस्तकं लावायची आहेत: 'बटाट्याची चाळ', 'व्यक्ती आणि वल्ली', 'श्यामची आई', 'ययाति', 'कोसला' आणि 'स्वामी'. अट एकच. यातली पहिली दोन पुलंची, म्हणून ती शेजारी-शेजारीच हवीत. अशी रचना किती प्रकारे करता येईल?

आधी अट बाजूला ठेवू. पहिल्या जागी सहांपैकी कोणतंही पुस्तक बसेल, दुसऱ्या जागी उरलेल्या पाचांपैकी, मग चार, तीन, दोन, एक. गुणाकार केला की ७२० येतात. हा गुणाकार आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म किती प्रकारे धरता येतील, असं विचारलं आणि उत्तर दिलं: २४. म्हणजे चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक.

आता अट आणू. बरेच जण असं मोजू लागतात: 'चाळ'ला सहा जागा, तिच्या शेजारी 'वल्ली'ला डावी किंवा उजवी अशा दोन जागा, म्हणून बारा. उरलेली चार पुस्तकं २४ प्रकारे, तेव्हा उत्तर २८८. हे चूक आहे, आणि चूक नेमकी फळीच्या दोन टोकांना आहे. 'चाळ' अगदी डावीकडे असली तर तिच्या डावीकडे जागाच नसते. उजव्या टोकालाही तसंच. मधल्या चार जागांपाशी दोन-दोन शेजार आणि टोकांपाशी एक-एक, म्हणजे एकूण दहा. दहा गुणिले २४, उत्तर २४०.

टोकांची ही काळजी घ्यावीच लागू नये, अशी एक सुरेख वाट आहे. पुलंच्या दोन्ही पुस्तकांना रबरबँड लावा. फळीला आता ते एकच, जरा जाड पुस्तक वाटेल. लावायच्या वस्तू सहा नाहीत, पाच. त्या पाच, चार, तीन, दोन, एक या गुणाकाराने १२० प्रकारे लागतात. मग गठ्ठ्याच्या आत पाहा: 'चाळ' आधी की 'वल्ली' आधी? प्रत्येक रचनेत हे दोन प्रकारे होतं. १२० च्या दुप्पट, पुन्हा २४०.

ही शेवटची दुप्पट विसरणं फार सोपं आहे. विसरली आहे का, हे कळण्यासाठी प्रश्न इतका लहान करावा की उत्तरं हाताने लिहिता येतील. फक्त तीन पुस्तकं घ्या: पुलंची दोन आणि 'श्यामची आई'. एकूण रचना सहा. पुलंची पुस्तकं दुरावतात ती 'श्यामची आई' मध्ये आली तरच, आणि तसं दोनदाच होतं. उरल्या चार. गठ्ठ्याच्या रीतीने गठ्ठा आणि एक पुस्तक दोन प्रकारे, आतले दोन क्रम, म्हणजे चार. जुळलं. दुप्पट केली नसती तर दोनच मिळाल्या असत्या.

७२० पैकी २४० म्हणजे बरोबर एक तृतीयांश. कुणी डोळे मिटून सहाही पुस्तकं कशीही लावली, तरी तीनांत एकदा पुलं शेजारी येतील. मला हे प्रमाण पहिल्यांदा कळलं तेव्हा ते फारच मोठं वाटलं होतं. पण फळीवरच्या जागांच्या जोड्या मोजल्या की पटतं: सहा जागांतून दोन जागा निवडण्याच्या रीती पंधरा, आणि त्यातल्या लागून असलेल्या पाच. पुस्तकं वाढली की शक्यता घटते. दहा पुस्तकांत ती एक पंचमांश होते, पन्नासांत पंचवीसांत एक. पुस्तकांच्या संख्येने दोनाला भागलं की झालं.

गठ्ठा बांधण्याची रीत कुठे फसते तेही पाहायला हवं. समजा आणखी एक अट आली: 'ययाति' आणि 'स्वामी' हीसुद्धा शेजारी हवीत. अडचण नाही. दोन गठ्ठे आणि दोन सुटी पुस्तकं, चार वस्तू २४ प्रकारे, प्रत्येक गठ्ठ्याच्या आत दोन क्रम, म्हणून ९६. पण दुसरी अट 'वल्ली' आणि 'श्यामची आई' शेजारी हवीत, अशी असेल तर? आता एकच पुस्तक दोन्ही जोड्यांत आहे. दोन वेगळे रबरबँड लावता येत नाहीत. तिन्ही पुस्तकं एकाच गठ्ठ्यात जातात आणि 'वल्ली'ला मध्येच बसावं लागतं. गठ्ठ्याच्या आत सहा क्रम नाहीत, दोनच: एका बाजूला 'चाळ' आणि दुसऱ्या बाजूला 'श्यामची आई', किंवा उलट. वस्तू चार, म्हणून २४ च्या दुप्पट, ४८.