एकशे वीस रुपयांमागचा भागाकार

प्रवासातला एक तास वाचवायला पुण्यातला नोकरदार १२० रुपये मोजायला तयार आहे, असं एखाद्या शोधनिबंधात छापून आलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी बसथांब्यावर जाऊन हा प्रश्न विचारला असेल. तसं सहसा कुणी विचारत नाही. सरळ विचारलं तर एकजण ऐटीत वाट्टेल तो आकडा सांगतो आणि दुसरा तिकीट वाढेल या धास्तीनं "एक पैसाही नाही" म्हणून मोकळा होतो.

म्हणून संशोधक माणसापुढे कार्डं ठेवतात. समजा, स्वारगेट ते हिंजवडीचा प्रवास आहे. कार्डावर दोन बस आहेत. पहिली साधी, ७० मिनिटांची, तिकीट ३० रुपये. दुसरी एसी, ५० मिनिटांची, तिकीट ६० रुपये. ‘दोन्ही नको’ हाही पर्याय असतो. एक निवडा, झालं. मग आकडे बदलून पुढचं कार्ड. अशी आठ-दहा कार्डं झाली की मिनिटं आणि रुपये यांचा मनातला हिशेब माणूस नकळत सांगून बसलेला असतो. या पद्धतीला ‘डिस्क्रीट चॉइस एक्सपेरिमेंट’ म्हणतात. आरोग्याच्या अभ्यासात बसच्या जागी दवाखाना येतो, आणि मिनिटांच्या जागी डॉक्टरांसाठीची ताटकळ.

सगळ्यांच्या निवडींतून गणिती मॉडेल प्रत्येक गोष्टीचं वजन काढतं. आपल्या काल्पनिक उदाहरणात प्रवासाच्या प्रत्येक मिनिटाला उणे ०.०४ आणि तिकिटाच्या प्रत्येक रुपयाला उणे ०.०२ वजन आलं, असं धरू. या सुट्या आकड्यांना एकेकट्यानं काही अर्थ नाही. पण पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की मिनिटाला दोन रुपये येतात, म्हणजे तासाला १२०. मथळ्यात झळकलेला आकडा तो हाच.

खरी मेख भागाकाराच्या छेदात आहे. प्रत्येक वजनाला अंदाजाची चूक चिकटलेली असते. रुपयाच्या ०.०२ ला ०.००९ इतकी प्रमाण त्रुटी असेल, तरी संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर तो आकडा उत्तीर्ण होतो आणि तक्त्यात त्याच्यापुढे दिमाखात चांदणी लागते. पण ९५ टक्क्यांच्या हिशेबानं खरं वजन साधारण ०.००२४ पासून ०.०३७६ पर्यंत कुठेही असू शकतं. मिनिटाचं वजन अगदी पक्कं मानलं, तरी तासाची किंमत एका टोकाला ६४ रुपये निघते आणि दुसऱ्या टोकाला हजार! चांदणी खरी आणि १२० हा भागाकारही बरोबर. तरी त्या एका आकड्यावर तिकीटदर ठरवणं धाडसाचंच.

म्हणून १२० च्या शेजारी त्याची खालची आणि वरची मर्यादा छापलेली असायला हवी. ती काढायची एक रुळलेली रीत क्रिन्स्की आणि रॉब या दोघांच्या नावानं ओळखली जाते. मॉडेलनं दिलेले अंदाज आणि त्यांच्या परस्परसंबंधित चुका धरून संगणकाकडून वजनांच्या हजारो जोड्या काढून घ्यायच्या, प्रत्येक जोडीचा भागाकार करायचा, उत्तरं लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यायचे. उरलेला पट्टा बहुधा एका बाजूला ताणलेला दिसतो. छेद शून्याजवळ घुटमळत असेल, तर तो ताण लपत नाही.

दुसरी चूक साधी आहे, पण महागात पडते. एसी बसला १ आणि साध्या बसला ० अशी नोंद केली आणि एसीचं वजन ०.६ आलं, तर एसीसाठी लोक फेरीमागे ३० रुपये जास्त देतील असा अर्थ निघतो. तीच नोंद +१ आणि –१ अशी केली, तर त्याच उत्तरांतून वजन ०.३ येतं, कारण दोन बसमधलं अंतर आता दोनाचं झालेलं असतं. हे विसरून सरळ भागाकार केला की एसीची किंमत निम्मी, १५ रुपये होते. नोंद कशी केली हे निबंधात लिहिलेलंच नसेल, तर वाचणाऱ्याला ही चूक पकडायला वाव राहत नाही.

आणि कार्डावर ६० रुपयांची बस निवडताना कुणाच्या खिशातून दमडीही गेलेली नसते. निवडीच्या या गणितासाठी २००० साली नोबेल मिळवणाऱ्या डॅनियल मॅकफॅडन यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ‘बार्ट’ रेल्वेबद्दल भाकीत केलं होतं: प्रवाशांपैकी ६.३ टक्के तिच्याकडे वळतील. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता, प्रत्यक्षात आकडा ६.२ आला. पण त्या भाकितामागे लोकांचे खरे, पैसे मोजून केलेले प्रवास होते, कार्डं नव्हती. कार्डांवरून काढलेल्या किमतीचा निबंध हाती आला, तर मथळा बाजूला ठेवून आधी तक्त्यातली रुपयाची ओळ शोधा आणि तिची त्रुटी किती आहे ते पाहा.